डावीकडून बेरीज: किराणा दुकानाच्या गल्ल्यावरचं एक प्रकरण

सोलापुरातल्या एका किराणा दुकानात रोज संध्याकाळी गल्ल्यावर बसणारा अकरावी कॉमर्सचा एक मुलगा हा या प्रकरणाचा विषय. दुकान त्याच्या काकांचं. बिलाचं मशीन नाही. पाच-सात वस्तूंचा हिशेब तोंडी, त्याहून मोठी यादी असली तर कागदावर, ही तिथली जुनी रीत. काका सामान तोलतात आणि प्रत्येक वस्तूची रक्कम मोठ्यानं बोलतात. शेवटची पुडी बांधून होईपर्यंत गल्ल्यावरच्या माणसाकडं एकूण आकडा तयार असला पाहिजे.

मुलगा गणितात कच्चा नव्हता. कागदावरची बेरीज त्याची चुकत नसे आणि दहावीला गुणही चांगले होते. पण तोंडी हिशेबात तो मागं पडायचा, घाई केली की चुकायचा, आणि चूक बहुतेक वेळा दुकानाच्या तोट्याची निघायची. काकांच्या मते हे मोबाइलचे दिवस, मुलांचं लक्षच नसतं. मी त्याच गल्लीत राहतो, अंकगणित शिकवतो. काका म्हणाले, "सर, ह्याची बेरीज नेमकी कुठं अडकतीय ते जरा बघा की."

लक्षाचा प्रश्न नव्हता हे लवकरच कळलं. प्रश्न दिशेचा होता.

तो काय करत होता

मी त्याला तोंडी विचारलं: तीनशे सत्तेचाळीस आणि दोनशे शहाऐंशी. आणि सांगितलं, मनात जे चाललंय ते पुटपुटत कर.

तो म्हणाला, "सात आणि सहा तेरा. तीन लिहिले, हातचा एक. चार आणि आठ बारा, बारा आणि एक तेरा. तीन लिहिले, हातचा एक. तीन आणि दोन पाच. पाचशे तेहेतीस."

बरोबर उत्तर ६३३. शेवटचा हातचा हरवला. पण मला त्या हातच्यापेक्षा "लिहिले" हा शब्द जास्त बोलका वाटला. लिहायला समोर काहीच नव्हतं. तो कागदावरची बेरीज कागदाशिवाय करत होता. मनात एक पाटी धरायची, तिच्यावर एककाचा तीन मांडायचा, डोक्यावर हातचा ठेवायचा, पुन्हा मूळ संख्यांकडं जाऊन त्यांचे दशक शोधून आणायचे.

या एका बेरजेत त्याला काय काय सांभाळावं लागत होतं ते पाहा. ३४७ शेवटपर्यंत जिवंत ठेवायचे, कारण त्यातला ३ सगळ्यात शेवटी लागणार. २८६ चंही तेच. मिळालेला ३, मग दुसरा ३, तेही क्रमानं. त्यावर हातचा. आणि सगळं झाल्यावर उत्तर उलटीकडून वाचायचं, कारण आकडे सापडले तीन, तीन, सहा या क्रमानं, आणि बोलायचं मात्र सहाशेपासून. कागद असता तर यातला प्रत्येक आकडा कागदानं सांभाळला असता. उजवीकडून सुरुवात करण्याची पद्धत कागदासाठी उत्तम आहे, कारण एकदा लिहिलेला अंक नंतर खोडावा लागत नाही. डोक्यात खोडण्याचा त्रास मुळातच नसतो. तिथं त्रास असतो तो धरून ठेवण्याचा.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्रॅहॅम हिच यांनी १९७८ साली तोंडी बेरजांवर केलेले प्रयोग याच ठिकाणी बोट ठेवतात. मूळ संख्यांचे भाग असोत की मधली उत्तरं, मिळाल्याबरोबर वापरली नाहीत तर ती स्मरणातून निसटतात, आणि बेरजेतल्या पुष्कळ चुका याच निसटण्यातून येतात. म्हणजे बेरीज येत नाही असं नसतं, आकडा हाताशी उरत नाही. आमच्या मुलाचं नेमकं हेच होत होतं. सात आणि सहा तेरा यात तो कधीच चुकला नाही.

डावीकडून म्हणजे काय

तीच बेरीज डावीकडून अशी होते. ३४७ जशीच्या तशी धरायची. २८६ मधले आधी दोनशे घ्यायचे: ५४७. मग ऐंशी: ६२७. मग सहा: ६३३. संपलं.

पायऱ्या तीनच, उजवीकडूनही तीनच होत्या. वेग पायऱ्या कमी झाल्यामुळं येत नाही. तो येतो ओझं कमी झाल्यामुळं. ५४७ झाले की ३४७ विसरायला हरकत नाही, दोनशेही विसरायला हरकत नाही. ६२७ झाले की ५४७ विसरा. कुठल्याही क्षणी मनात एक चालू रक्कम असते आणि तिच्यामागं दुसऱ्या संख्येची उरलेली शेपटी. शेवटची रक्कम हेच उत्तर, तेही बोलायच्या क्रमानं तयार.

हातचा कुठं गेला? गेला नाही, तो चालू रकमेत मिसळला. ५४७ मध्ये ऐंशी मिळवताना चाळीस आणि ऐंशी एकशेवीस होतात, पाचशेचे सहाशे होतात. हातचा म्हणून वेगळा आकडा डोक्यावर ठेवायची वेळच येत नाही. शिवाय एक हमी असते: दशकाची पायरी शतकाला फार तर एकानं वाढवू शकते, कारण नव्वद आणि नव्वदही एकशेऐंशीच होतात. एककाच्या पायरीचंही तसंच. म्हणून "शंभर ओलांडले का?" एवढंच विचारायचं, किती वेळा ओलांडले हे विचारायची गरज नाही.

यातच दुसरा एक प्रकार आहे, आणि दोन्हींची गल्लत करू नये. दोन्ही संख्या फोडायच्या: तीनशे-दोनशे पाचशे, चाळीस-ऐंशी एकशेवीस, म्हणजे सहाशेवीस, सात-सहा तेरा, म्हणजे ६३३. हाही डावीकडूनच, पण यात दोन्ही मूळ संख्या शेवटपर्यंत लागतात. रकमा डोळ्यांसमोर लिहिलेल्या असतील तर ही रीत उत्तम, कारण धरायचं काम कागद करतो. रकमा कानावर एकामागून एक पडत असतील तर पहिली संख्या अखंड ठेवणारी रीतच टिकते. नेदरलँड्समधल्या दुसरीच्या वर्गांवर मेंडर्ट बेइशौझन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंभरापर्यंतच्या बेरीज-वजाबाकीसाठी याच दोन रीतींची तुलना आहे. त्यात पहिली संख्या अखंड ठेवणारी रीत जास्त परिणामकारक आढळली. कच्च्या मुलांचा कल मात्र दोन्ही संख्या फोडण्याकडं होता. डच मुलांचा दाखला मी मुद्दाम देतोय. त्यांच्या भाषेतही चोवीस म्हणताना आधी चार येतो, मग वीस.

आणि आमच्या मुलाची खरी अडचण इथूनच पुढं सुरू झाली.

अडुसष्ट उघडायचा कसा

रीत समजायला त्याला वेळ लागला नाही. कागदावर लिहून दिलेल्या जोड्या तो डावीकडून भराभर करू लागला. पण काकांच्या आवाजात रकमा आल्या की पुन्हा अडखळायचा. एकदा "एकशे अठ्ठावन्न आणि चौऱ्याहत्तर" याचं उत्तर त्यानं २०५ दिलं. बरोबर उत्तर २३२. फरक २७.

फरक नऊच्या पटीत आला की आधी एक शंका घ्यावी: कुठंतरी दोन शेजारचे अंक उलटे झालेत. ७४ चे ४७ झाले की २७ चा फरक पडतो, ८६ चे ६८ झाले की १८ चा. अंकांची जागा बदलली की दर वेळी फरक नऊच्या पटीतच पडतो. वह्या लिहिणाऱ्या मुनिमांना ही खूण चांगली ठाऊक असते. इथंही तेच झालं होतं. "चौऱ्याहत्तर" कानावर आला, आधी चार ऐकू आला, डावीकडून घ्यायचं म्हणून त्यानं तोच दशक म्हणून उचलला.

मराठीत शतकापर्यंत सगळं डावीकडून असतं: तीनशे आधी, मग बाकीचं. त्यापुढच्या दोन अंकांत क्रम पालटतो आणि एकक पुढं येतो. डावीकडून बेरीज करणाऱ्याला दशक आधी हवा असतो, कान एकक आधी देतो. उजवीकडून करताना ही अडचण जाणवत नाही, उलट एकक आधी ऐकू आल्यानं सोयच होते. म्हणून इंग्रजीत ही रीत सांगणारे जितक्या सहज ती सांगतात तितक्या सहज ती मराठीत बसत नाही. मध्ये एक पायरी लागते.

ती पायरी बालभारतीच्या एका जुन्या वादात तयार पडून होती. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ संख्यानामांबरोबर "वीस एक", "साठ दोन" असं वाचन आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू मांडली होती. त्या वादात मी इथं शिरत नाही. बाजारात "साठ आठ रुपये" म्हणून कुणी पैसे मागणार नाही, ते खरंच. पण मनातल्या मनात हिशेब करताना अडुसष्टला "साठ आठ" म्हणायला कोण अडवतं? आम्ही ठरवलं: कानावर अडुसष्ट, मनात साठ-आठ, गिऱ्हाइकाला पुन्हा अडुसष्ट.

हा सराव बेरजेशिवायच केला. मी चौऱ्याहत्तर म्हणायचं, त्यानं "सत्तर-चार". शहाऐंशी: "ऐंशी-सहा". त्रेपन्न: "पन्नास-तीन". बस, एवढंच. कंटाळवाणं काम आहे, पण याशिवाय पुढचं सगळं लटकतं. एकदा जीभ वळली की कानाला संख्या उघडून घ्यायची सवय लागते.

एकोणवाल्या संख्यांना ही फोड लावूच नये. एकोणसत्तर म्हणजे साठ-नऊ खरं, पण नावातच सत्तरला एक कमी सांगितलंय. सत्तर मिळवा, एक काढा. इथं मराठी आपल्याला हिशेब अर्धा करून देते. उलट, एकोण न ऐकता फक्त "सत्तर" ऐकला आणि नऊ त्याला चिकटवला तर एकोणसत्तरचे एकोणऐंशी होतात आणि बेरीज बरोबर दहानं जास्त येते. मुलानं ही चूकही केली होती. नव्व्याण्णव हा नावात एकोण नसलेला नऊवाला आहे, पण त्याला शंभर उणे एक म्हणायला कुणालाही शिकवावं लागत नाही, निदान किराणा दुकानात तरी.

याच सुमारास काकांना विचारलं की तुम्ही मनात कसं करता. ते मूळचे अक्कलकोटकडचे, घरी कानडी. म्हणाले, "मनात कानडीतच चालतंय. मराठीत नुसतं सांगतो." कानडीत अडुसष्ट म्हणजे अरवत्तेंटु, आधी साठ मग आठ. काकांना दशक तयार मिळत होता. अर्थात काका वेगवान आहेत ते एवढ्यामुळंच असं म्हणणार नाही. इतक्या वर्षांच्या तोंडी हिशेबाचं वजन त्यात आहे, आणि शुद्ध मराठी बोलणारे वेगवान दुकानदार सोलापुरात हवे तितके सापडतील. पण पुतण्यानं काकांचं बघून शिकायचा प्रयत्न केला तेव्हा जी पायरी त्याला दिसली नाही, ती काकांना कधी लागलीच नव्हती.

एक बिल, रक्कम-रक्कम

आता त्या दुकानातलं एक बिल पूर्ण पाहू. काका बोलतात त्या क्रमानं: तूरडाळ दोन किलो २६८, तेलाची पिशवी १५७, साखर दोन किलो ८६, तूप ३९५, पोहे ४८.

पहिली रक्कम फक्त धरायची: दोनशे साठ-आठ. तेलाची एकशे सत्तावन्न आली. शंभर: तीनशे साठ-आठ. पन्नास: साठ आणि पन्नास एकशेदहा, शंभर ओलांडले, चारशे अठरा. सात: चारशे पंचवीस. इथं सात मागं ठेवून पन्नासाची पायरी चढायची होती, आणि पहिल्या काही वेळा तो सातच विसरला. ४१८ वर थांबला आणि पुढच्या वस्तूकडं गेला. त्यावर उपाय साधा निघाला: उरलेली शेपटी पुटपुटत ठेवायची. "पन्नास… सात, सात… चारशे अठरा, सात, चारशे पंचवीस." ऐकायला वेडगळ वाटतं, चालतं उत्तम. ही शेपटी एकाच अंकाची असते, म्हणून ओठांवर राहते.

साखर शहाऐंशी, ऐंशी-सहा. चारशे पंचवीसात ऐंशी: वीस आणि ऐंशी शंभर, म्हणजे पाचशे पाच. सहा: पाचशे अकरा.

तूप तीनशे पंच्याण्णव. सरळ गेलं तर आठशे अकरा, नऊशे एक, नऊशे सहा. पण काका इथं कधीच सरळ जात नाहीत. चारशे घ्या, पाच सोडा: नऊशे अकरा, नऊशे सहा. शंभराच्या अगदी जवळची रक्कम असली की हे करावं. सगळीकडं करू नये. ३६८ ला ४०० उणे ३२ केलं तर काम वाढतं. माझा अंदाजे नियम असा की वजा करायचा आकडा पाच किंवा त्याहून कमी असेल तरच उलट फिरावं.

पोहे अठ्ठेचाळीस, चाळीस-आठ. नऊशे शेहेचाळीस, नऊशे चोपन्न. पोह्याची पुडी बांधेपर्यंत ९५४ तयार.

हेच बिल लिहिलेलं समोर असेल तर दुसऱ्या प्रकारानं जावं, तिथं ते जास्त चपळ ठरतं. शतकं: दोन, एक, तीन, सहाशे. दशकं: साठ, पन्नास, ऐंशी, नव्वद, चाळीस, मिळून तीनशेवीस, म्हणजे नऊशेवीस. एकक: आठ, सात, सहा, पाच, आठ, चौतीस. नऊशे चोपन्न. या रीतीचा एक फायदा दुकानात लगेच कळतो. गिऱ्हाईक हातातल्या दोन पाचशेच्या नोटा दाखवून विचारतं, "हजारात बसतंय ना?" नऊशेवीसवर पोचलात की उत्तर देता येतं. पाच वस्तूंचे एकक मिळून फार तर पंचेचाळीस होणार, म्हणजे एकूण ९६५ च्या पुढं जाणं शक्यच नाही. उजवीकडून करणाऱ्याला याच क्षणी एवढंच माहीत असतं की बिलाच्या शेवटी चार आहे.

तरी तो शेवटचा चार टाकाऊ नाही. पडताळा म्हणून तो फार कामाचा. डावीकडून ९५४ आले की नुसते एकक झरकन मिळवायचे: आठ, सात, पंधरा, सहा, एकवीस, पाच, सव्वीस, आठ, चौतीस. शेवटी चार. जुळलं. डावीकडून येताना एककात चूक झाली असती तर इथं सापडली असती. शतक-दशकातली चूक मात्र या पडताळ्यात दिसत नाही, ती वेगळ्या खुणेनं ओळखावी लागते.

चुकीचा फरक काय सांगतो

हजार रुपये घेऊन मोड देण्याआधी काका रक्कम मनात पुन्हा करतात, त्यामुळं चूक लगेच पकडली जाते. पण पकडणं वेगळं आणि ती कशामुळं झाली हे कळणं वेगळं. मी मुलाला सांगितलं होतं की चुकलेली प्रत्येक बेरीज वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, तुझं उत्तर, खरं उत्तर आणि दोघांतला फरक. काही दिवसांनी ते पान वाचलं की मुलगा कुठं अडकतो ते त्याला न विचारता समजतं.

फरक बरोबर शंभराचा आणि उत्तर कमी असेल तर दशकाच्या पायरीवर शंभर ओलांडल्याचं ध्यानात राहिलं नाही. ३६८ आणि पन्नासचे ३१८ झाले असणार. फरक दहाहून कमी आणि उत्तर कमी असेल तर शेपटी गिळली गेली. फरक नऊच्या पटीत असेल तर उलट्या अंकांची शंका घ्यावी, पण खात्री मानू नये, कारण नऊची शेपटी गिळली तरी फरक नऊच दिसतो. बरोबर दहानं जास्त असेल तर बिलात एखादी एकोणवाली रक्कम होती का ते पाहावं. मुलाच्या पानावर सुरुवातीला उलटे अंक जास्त होते. फोडीचा सराव झाला तसे ते जवळपास गेले, आणि मग शंभराच्या फरकाच्या चुका उठून दिसू लागल्या.

त्या चुकांसाठी दशकांचाच वेगळा सराव केला. ऐंशी आणि साठ, नव्वद आणि ऐंशी, सत्तर आणि साठ. याची उत्तरं आठ आणि सहा चौदा अशा बेरजांतूनच येतात, तरी मुलं "ऐंशी आणि साठ" ऐकून थबकतात. ते थबकणं गेल्याशिवाय डावीकडची बेरीज वेगात येत नाही, आणि ते घालवायला सरावाखेरीज दुसरी युक्ती मला माहीत नाही.

ही रीत कुठं थांबते

उधारीच्या वहीत महिनाभराच्या तीसेक रकमांची बेरीज असते. तिथं मुलाला आम्ही कागदावर उजवीकडूनच ठेवलं. लांब यादीत एककांची बेरीज तीन अंकी होऊ शकते, डावीकडून गेलं तर लिहिलेले अंक पुन्हा पुन्हा बदलावे लागतात, आणि कागद समोर असताना स्मरणावर ओझं टाकायचं कारणच नाही. पैशांपर्यंतच्या रकमा असतील तरी तेच. पाचपेक्षा जास्त अंकांच्या दोन संख्या मनात डावीकडून करता येतात, पण शेपटी लांबते आणि तिथं चालू रक्कमच निसटू लागते. माझ्या मते दुकानाच्या कामाला तीन अंकी रकमा आणि चार अंकी एकूण, एवढी मर्यादा ठेवावी.

मोड देताना तर दिशा मुद्दाम उलटी असते. ९५४ चे हजार दिले तर काका म्हणतात, "हे सहा, नऊशे साठ. हे चाळीस, हजार." आधी एकक भरून संख्या गोल करायची, मग दशक. मुलानं इथंही डावीकडून जायचा हट्ट धरला होता. हजारातून नऊशे काढले, शंभर उरले, पन्नास काढले, पन्नास उरले, चार काढले, शेहेचाळीस. उत्तर बरोबर येतं, पण गिऱ्हाइकाच्या हातावर नाणी-नोटा मोजून ठेवताना ते जुळत नाही. मोड मोजण्यात आकडा आणि हात बरोबर चालावे लागतात.

ही दोन दिशांची मुभा काही नवीन शोध नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत बेरजेच्या सूत्रातच म्हटलंय की अंक स्थानाप्रमाणे क्रमानं मिळवावेत किंवा उलट क्रमानं. तिथलं उदाहरण मुलाला सरावाला दिलं होतं: २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १००. शतकं दोनशे, दशकं एकशेचाळीस, एकक वीस, एकूण ३६०. त्या काळी धुळीच्या पाटीवर अंक पुसून नवा लिहिता येत असे, त्यामुळं डावीकडून जाताना आधीचा अंक बदलावा लागला तरी अडचण नव्हती. शाईनं कागदावर लिहायला लागल्यावर उजवीकडची दिशा पक्की झाली असावी, असा माझा तर्क आहे.

दिवाळीच्या गर्दीत मुलगा गल्ल्यावर एकटा होता. पाच-सहा वस्तूंची बिलं तो काकांच्या आवाजाबरोबर करत गेला आणि प्रत्येक बिलानंतर एककांचा पडताळा घेत गेला. वहीच्या मागच्या पानावर अजून नोंदी पडतात. आता त्यात बहुतेक शंभराच्या फरकाच्या असतात, आणि त्या जास्त करून तेव्हा पडतात जेव्हा बिलात लागोपाठ दोन रकमांचे दशक सत्तर किंवा त्यापुढचे असतात. म्हणून सध्या त्याला १७८ आणि १८५ अशा जोड्याच देतो, दुसरं काही नाही.